काट्यांच्या मीटरचं रीडिंग: आठवर दिसणारा काटा सात का वाचायचा

प्रश्न: आम्ही ओहायोत एका जुन्या घरात नुकतेच राहायला आलो आहोत. मागच्या भिंतीवर गोल काचेतलं जुनं मीटर आहे. त्यावर पाच छोटी घड्याळं आहेत आणि खाली फिरणारी चकती. १ मार्चला मी रीडिंग घेतलं ते ३८,९८६ आलं आणि १ एप्रिलला ३८,७१४. म्हणजे महिन्याभरात मीटर २७२ ने मागे गेलं का? आमच्याकडे सोलर वगैरे काही नाही. बिलावर २७ फेब्रुवारीचं रीडिंग ३७,९४० आहे आणि २८ मार्चचं ३८,५२२, त्यातल्या दुसऱ्यापुढे 'एस्टिमेटेड' असं लिहिलंय. दोन्ही दिवसांचे फोटो जोडतोय. महिन्याचे युनिट नक्की किती झाले, आणि हे काटे वाचायचे तरी कसे?

उत्तर:

मीटर मागे गेलेलं नाही. तुमच्या फोटोत १ मार्चचं रीडिंग ३७,९८६ आहे, ३८,९८६ नाही. १ एप्रिलचं ३८,७१४ तुम्ही अगदी बरोबर वाचलंय. त्यामुळे महिन्याचे युनिट ३८,७१४ वजा ३७,९८६, म्हणजे ७२८ झाले. चूक फक्त एका काट्याची आहे, डावीकडून दुसऱ्या. तो काटा फोटोत आठच्या आकड्यावर बसलेला दिसतो, आणि तरीही तिथे सातच वाचायचे असतात. काट्यांच्या मीटरमध्ये बहुतेक सगळे इथेच फसतात, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. मी आधी महाराष्ट्रात मीटर टेस्टिंगला होतो आणि नंतर अमेरिकेत मीटर दुरुस्तीच्या खात्यात. दोन्हीकडे 'मीटर उलटं फिरतंय' म्हणून आलेल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा याच जागी सापडलं.

आधी आत काय चालतं ते बघू. खालची ॲल्युमिनियमची चकती विजेच्या वापराच्या प्रमाणात फिरते. तिच्या आसाला जोडलेली दंतचक्रांची साखळी वरच्या काट्यांपर्यंत जाते. सगळ्यात उजवीकडचा काटा एकेका युनिटचा. त्याचा एक पूर्ण फेरा झाला की दहा युनिट होतात. तेवढ्या वेळात त्याच्या डावीकडचा दहाचा काटा एक घर पुढे सरकतो. दहाच्या काट्याचा पूर्ण फेरा झाला की शंभराचा काटा एक घर सरकतो, आणि असंच पुढे हजाराचा, दहा हजाराचा. शेजारशेजारची दोन चक्रं एकमेकांत दात अडकवून फिरतात, त्यामुळे एक उजवीकडे फिरलं की शेजारचं डावीकडे फिरणारच. म्हणून तुमच्या मीटरवर पहिली, तिसरी आणि पाचवी तबकडी घड्याळासारखी फिरते, तर दुसरी आणि चौथी घड्याळाच्या उलट. त्या दोघींवर शून्याच्या उजवीकडे एक नसून नऊ छापलेले असतात, नीट बघा. कुठली तबकडी कोणत्या दिशेने फिरते हे पाठ करायची गरज नाही, चारच तबकड्यांच्या मीटरवर तो क्रम बदलतोही. छापलेले आकडे ज्या बाजूने चढत जातात ती काट्याची दिशा, एवढं पुरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे काटे उडी मारत नाहीत. घड्याळात आठला दोन मिनिटं कमी असताना तासकाटा आठवर टेकलेलाच दिसतो, पण आपण आठ वाजले असं म्हणत नाही, कारण मिनिटकाटा अजून बारावर पोचलेला नसतो. मीटरचंही तसंच. प्रत्येक काट्याचा मिनिटकाटा म्हणजे त्याच्या उजवीकडचा काटा. उजवीकडच्या काट्याने शून्य ओलांडेपर्यंत डावीकडच्याचं पुढचं घर पूर्ण होत नाही, मग तो कितीही जवळ दिसो.

यावरून वाचायचा नियम असा निघतो. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर जो आकडा तो मागे टाकून आलाय तो घ्यायचा, म्हणजे लहान आकडा. नऊ आणि शून्य यांच्या मध्ये असेल तर नऊ घ्यायचे, कारण तिथला शून्य हा पुढच्या फेऱ्याचा, म्हणजे दहाच्या जागचा. काटा आकड्यावरच बसलेला दिसत असेल तर त्याच्याकडे बघून निर्णय करायचाच नाही, उजवीकडच्या तबकडीकडे बघायचं. ती नऊ, आठ, सात असं काही दाखवत असेल तर डावीकडचा काटा त्या आकड्यावर अजून पोचलेला नाही, एक कमी घ्या. ती शून्य, एक, दोन दाखवत असेल तर पोचलाय, तोच आकडा घ्या. आणि म्हणूनच रीडिंग लिहायचं डावीकडून असलं तरी वाचायला सुरुवात उजवीकडून करायची. उजवा आकडा पक्का झाला की डावा ठरवता येतो. डावीकडून सुरू केलंत तर पहिल्याच काट्याला अंदाज करावा लागतो, आणि तुमच्या बाबतीत तेच झालं असावं.

तुमचा १ मार्चचा फोटो याच पद्धतीने वाचू. सगळ्यात उजवीकडचा काटा सहा ओलांडून थोडा पुढे आहे, तर तिथे सहा. त्याच्या शेजारचा दहाचा काटा आठ आणि नऊच्या मध्ये, निम्म्याच्या जरा पुढे. आठ घ्यायचे. उजवीकडे सहा आहेत, म्हणजे या काट्याने आठ ते नऊ या घरातला सहा दशांश रस्ता कापलेला असायला हवा, आणि फोटोत तसाच दिसतोय. आकडा जुळला.

पुढे शंभराचा काटा. हा शून्याला जवळजवळ टेकलेला आहे. झूम केलंत तर शून्याच्या किंचित अलीकडे दिसेल. उजवीकडे आठ आहेत, म्हणजे त्याचं चालू घर अजून पूर्ण झालेलं नाही, म्हणून नऊ. इथे तुम्ही बरोबर नऊ घेतलेत, कारण फट डोळ्याला दिसत होती. दहा आकडे पूर्ण वर्तुळात बसवले की एका घराला ३६ अंश येतात. या काट्याचं घर चौदा शतांश बाकी आहे, म्हणजे शून्यापासून तो साधारण ५ अंश दूर आहे. नीट बघणाऱ्याला ५ अंश कळतात.

आणि आता हजाराचा काटा, तुमचा खरा अडथळा. शंभराच्या जागी नऊ आले, म्हणजे हजाराच्या काट्याने सात ते आठ हे घर जवळजवळ संपवलंय, पण संपवलेलं नाही. बाकी राहिलेत एका हजारातले फक्त १४ युनिट. ३६ अंशांतला तेवढा वाटा काढला तर अर्धा अंश येतो. दीड-दोन सेंटिमीटरच्या तबकडीवर अर्धा अंश म्हणजे काट्याच्या टोकाच्या जाडीपेक्षाही कमी. हे अंतर कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही, फोटोतही नाही. इथे नजर कितीही तीक्ष्ण असली तरी कामाची नाही, उजवीकडचा नऊ हाच पुरावा. म्हणून सात. शेवटी दहा हजाराचा काटा तीन आणि चारच्या मध्ये, चारच्या जवळ. उजवीकडे सात, शिवाय ते आठ होत आलेले, तेव्हा काटा चारच्या बाजूला झुकलेला असणं योग्यच, आणि वाचायचे तीन. झालं ३७,९८६.

तुम्ही शंभराच्या तबकडीवर नऊ घेतलेत आणि हजाराच्या तबकडीवर आठ. या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत. काटा आठवर नुकताच पोचला असता तर शंभराचा काटा शून्याच्या नुकता पुढे असता. शंभराचा काटा नऊ दाखवत असताना आठ हजारांचं रीडिंग खरं असेल, तर हजाराचा काटा आठवर नाही, नऊला टेकलेला दिसला पाहिजे. कुठलंही रीडिंग लिहून झालं की अशी उलट तपासणी करून बघत जा: लिहिलेल्या आकड्यावरून प्रत्येक काटा कुठे असायला हवा ते ठरवा आणि तो खरंच तिथे आहे का बघा. अर्धं मिनिट लागतं.

१ एप्रिलच्या फोटोत मात्र अडायला फारसं काही नव्हतं. एककाचा काटा चारच्या जरा पुढे, दहाचा एक आणि दोनच्या मध्ये, शंभराचा सातच्या थोडा पुढे, हजाराचा आठ आणि नऊच्या मध्ये पाऊण वाटेवर. फक्त दहा हजाराचा काटा चारच्या अगदी जवळ आहे, आणि घाईत चार वाचले असते तर रीडिंग ४८,७१४ झालं असतं. उजवीकडे आठ आहेत, म्हणून तीन. तिथे तुम्ही फसला नाहीत.

आता बिलाशी ताडून बघू, कारण तुमच्या हातात त्यातच चांगला पुरावा होता. बिलावर २७ फेब्रुवारीचं ३७,९४० हे प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग आहे. तुमचं ३८,९८६ खरं मानलं तर दोन दिवसांत १,०४६ युनिट जळाले असं होतं. ४८ तासांनी भागलं तर सतत जवळजवळ २२ किलोवॅट. घरातली शेगडी, गीझर, कपडे वाळवायचं मशीन आणि हीटर असं सगळं दोन दिवस एक क्षणही बंद न करता चालवलं तर कदाचित तिथवर पोचता येईल. दुरुस्त केलेल्या ३७,९८६ ने हिशेब केला तर दोन दिवसांचे ४६ युनिट, दिवसाला २३. आणि मार्च महिन्याचे ७२८ भागिले ३१ दिवस, दिवसाला साडेतेवीसच्या आसपास. दोन वेगवेगळ्या मुदतींची सरासरी इतकी जवळ आली की रीडिंग बरोबर आहेत असं मी बेलाशक म्हणतो.

युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आणि तुमच्या मीटरवर दोन रीडिंगमधली वजाबाकी हेच थेट युनिट. पुढे कशानेही गुणायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मीटरच्या चेहऱ्यावर बरेच आकडे छापलेले असतात आणि लोक त्यातला एखादा गुणक समजून बसतात. तुमच्या फोटोत 'सीएल २००' दिसतंय, ती मीटर जास्तीत जास्त किती अँपिअर पेलू शकतं त्याची मर्यादा. 'टीए ३०' म्हणजे मीटर ज्या अँपिअरवर तपासतात तो आकडा. 'केएच ७.२' म्हणजे चकतीच्या एका फेऱ्याला ७.२ वॅट-तास. यातल्या कशाचाही महिन्याच्या वजाबाकीशी संबंध नाही. गुणक असेल तर तो तबकड्यांच्या जवळ 'मल्टिप्लाय बाय १०' अशा शब्दांत स्पष्ट लिहिलेला असतो, आणि बिलावरही गुणकाचा वेगळा रकाना असतो. तसा गुणक असेल तर आधी वजाबाकी करायची आणि मग आलेल्या फरकाला गुणायचं. तुमच्या बिलावर तो १ आहे, तेव्हा विषय संपला.

बिलावरचं २८ मार्चचं ३८,५२२ हे अंदाजे आहे. त्या दिवशी कुणी मीटर बघितलेलं नाही, आधीच्या वापरावरून कंपनीने आकडा बसवलाय. तो कितपत जवळ आहे ते काढता येतं. १ एप्रिलच्या ३८,७१४ मधून चार दिवसांचे, दिवसाला साडेतेवीसप्रमाणे ९४ युनिट मागे घेतले की २८ मार्चला मीटर ३८,६२० च्या आसपास असणार. दुसऱ्या बाजूने, २७ फेब्रुवारीपासून २९ दिवस त्याच गतीने मोजले तरी ३८,६२० च्याच जवळपास येतं. म्हणजे कंपनीने सुमारे शंभर युनिट कमी धरलेत. हे पैसे वाचलेले नाहीत. पुढच्या वेळी प्रत्यक्ष रीडिंग झालं की ते शंभर त्या बिलात चढतील आणि एप्रिलमध्ये वापर वाढल्यासारखा दिसेल. त्या वेळी फ्रिज बिघडला का, असं शोधत बसू नका.

यातच आणखी एक गोष्ट येते. वाचनातली चूक साचत जात नाही. तुम्ही मार्चच्या सुरुवातीला हजार जास्त वाचलेत, तर फेब्रुवारीचा वापर हजाराने जास्त दिसतो आणि मार्चचा हजाराने कमी. वर्षाची बेरीज बरोबरच राहते. पण महिन्याचं बिल टप्प्याच्या दराने होत असेल तर हा दिलासा पुरत नाही. महाराष्ट्रात घरगुती वापराचे टप्पे आहेत: पहिल्या १०० युनिटांना एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि पुढे त्याहून जास्त. तिथे एका महिन्यात चुकून चढलेले दोनशे युनिट महागड्या टप्प्यात मोजले जातात, आणि पुढच्या महिन्यात कमी झालेले युनिट स्वस्त टप्प्यातून वजा होतात. म्हणून गावाकडे आईवडिलांच्या बिलात असा चढउतार दिसला तर 'पुढच्या महिन्यात जुळेल' म्हणून सोडून देऊ नका. दोन महिन्यांचं एकत्र रीडिंग धरून टप्पे विभागून द्यायला सांगा.

आपल्याकडच्या जुन्या चकतीच्या मीटरवर बहुतेक काटे नसतात, आकड्यांचे ड्रम असतात. तिथे सगळ्यात उजवीकडचा लाल किंवा वेगळ्या रंगातला ड्रम एक दशांश युनिटाचा असतो, तो सोडून द्यायचा. एखादा ड्रम दोन आकड्यांच्या मध्ये अडकल्यासारखा दिसला तर जो आकडा निघून चाललाय तो घ्यायचा. तत्त्व तेच: उजवीकडचा ड्रम नऊवरून शून्यावर पूर्ण आल्याशिवाय डावीकडचा पुढचा आकडा धरायचा नाही.

पुन्हा तुमच्या मीटरकडे येतो. दोन रीडिंगची वजाबाकी उणे येण्याची खरी कारणं फार थोडी असतात. एक म्हणजे मीटर पूर्ण फिरून शून्यावर येणं. पाच तबकड्यांचं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. समजा मागचं रीडिंग ९९,६४० आहे आणि आजचं ३१२, तर आजच्यात १,००,००० मिळवून वजा करा, म्हणजे ६७२ युनिट. चारच तबकड्या असतील तर १०,००० मिळवायचे. तुमच्या बाबतीत हे लागू केलं तर ९९,७२८ युनिट येतात, जे अशक्य आहे, तेव्हा ते कारण बाद. दुसरं म्हणजे छतावर सोलर असणं. जुन्या चकतीच्या मीटरला उलट फिरू न देणारी खिट्टी बसवलेली नसेल तर दुपारच्या उन्हात चकती खरंच उलटी फिरते आणि काटे मागे जातात. तुमच्याकडे सोलर नाही. तिसरं म्हणजे मध्येच मीटर बदललेलं असणं, तेव्हा मीटरवरचा क्रमांक बिलाशी जुळतो का ते बघावं. ही तिन्ही नसतील तर मागचं किंवा आजचं रीडिंग चुकलेलं आहे, आणि फरक १००, १,००० किंवा १०,००० अशा गोल आकड्याने दुरुस्त होत असेल तर कुठला काटा चुकला तेही लगेच कळतं. तुमच्याकडे उणे २७२ मध्ये हजार मिळवले की ७२८.

एक अडचण मात्र या नियमाने पूर्ण सुटत नाही. हे काटे बारीक दांड्यांवर दाबून बसवलेले असतात, आणि वर्षानुवर्षांत एखादा जरासा सरकतो. मग उजवीकडे आठ असतानाही डावीकडचा काटा पुढच्या आकड्याच्या किंचित पलीकडे गेलेला दिसतो, किंवा उजवीकडे एक असताना तो आकड्याच्या अलीकडेच राहतो. अशा वेळीही उजवीकडच्यावर विश्वास ठेवायचा. समजा काटा पाचच्या थोडा पुढे दिसतोय आणि उजवीकडे नऊ आहेत. खरोखर पाचच्या घरात नऊ दशांश गेला असता तर तो सहाला टेकलेला दिसला असता. तो पाचच्या जवळ आहे, म्हणजे तो चारच्या घराच्या शेवटी आहे आणि काटा थोडा पुढे बसलाय. चार वाचा. हा कलता काटा दरवेळी त्याच बाजूला तेवढाच कलतो, तेव्हा सलग दोनतीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवलेत की तुम्हाला तो ओळखीचा होईल. काटा निम्मं घर सरकला असेल तर मात्र नुसत्या नजरेने पक्कं सांगता येत नाही. तेव्हा मीटर बदलून मागायचं.

मीटर बरोबर फिरतंय का हीही शंका मनात असेल, तर ती तपासायला काट्यांपेक्षा चकती बरी. घरातले सगळे ब्रेकर बंद करा. चकती थांबली पाहिजे. कधी ती जराशी सरकून थांबते, त्यात बिघाड नाही. काहीच चालू नसताना ती पूर्ण फेरे मारत राहिली तर मीटर सदोष आहे किंवा एखादा ब्रेकर चुकून चालू राहिलाय. मग फक्त एका खोलीचा ब्रेकर लावून तिथे १,५०० वॅटचा साधा हीटर पूर्ण क्षमतेवर चालवा, त्या ब्रेकरवर दुसरं काही नको. चकतीच्या कडेला काळी खूण असते. ती समोर आली की मोजायला सुरू करा. सूत्र असं:

```
वॅट = ७.२ × ३६०० × फेरे ÷ सेकंद
```

१,५०० वॅटला एका फेऱ्यास १७ सेकंदांच्या किंचित वर लागतात. एकच फेरा मोजलात तर घड्याळ दाबण्यातली चूकच मोठी होईल, म्हणून दहा फेरे मोजा. त्यांना सुमारे १७३ सेकंद लागायला हवेत. हीटरवर छापलेला वॅटचा आकडाही व्होल्टेजप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, तेव्हा १६५ ते १८२ सेकंदांच्या आत आलं तर मीटरला दोष देऊ नका. दहा फेरे १४० सेकंदांत संपले तर तक्रार करण्यासारखं आहे. जुनी चकतीची मीटर म्हातारी झाली की घर्षणाने मंद होतात, जोरात पळण्याचं प्रमाण त्या मानाने कमी असतं.

रीडिंग घेण्याबद्दल दोनच सूचना. डोळे मीटरच्या उंचीला आणून, अगदी समोरून बघा. खालून किंवा बाजूने बघितलं तर काटा आणि तबकडी यांच्यातल्या अंतरामुळे काटा सरकलेला दिसतो. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि टॉर्च बाजूने धरा, म्हणजे काचेत चकाकी येत नाही. काचेला, सीलला किंवा मीटरच्या खोबणीला हात लावायचं काम नाही. दुसरं, दर महिन्याला साधारण त्याच वेळी रीडिंग घ्या आणि तारखेबरोबर दिवसही मोजा. फेब्रुवारीचे २८ दिवस आणि मार्चचे ३१ यांची थेट तुलना करू नका. मार्चचे तुमचे ७२८ युनिट २८ दिवसांच्या हिशेबाने ६५८ होतात. एककाच्या काट्याला उजवीकडे कुणी नाही, तिथे एखाद्या युनिटाचा फरक पडला तर पडू द्या, पुढच्या महिन्यात तो आपोआप भरून निघतो.

कंपनीला रीडिंग कळवायचं असेल तर नुसता आकडा देऊ नका. पाच गोल काढून प्रत्येकात काटा जसा दिसतो तसा दाखवा, किंवा सरळ फोटोच पाठवा. ग्राहकांकडून रीडिंग मागवण्याच्या कार्डांवर पूर्वीपासून रिकाम्या तबकड्या छापायची पद्धत आहे ती याचसाठी: आकडा वाचण्यात ग्राहक चुकला तरी काट्यांची जागा बघून तिकडचा माणूस तो दुरुस्त करू शकतो. १ एप्रिलचा फोटो तारखेसह आत्ताच पाठवून ठेवा आणि २८ मार्चचं अंदाजे रीडिंग त्यावरून दुरुस्त करून मागा. बिलाची दुरुस्ती तिथूनच होईल.